प्रश्नातच माहिती अपुरी असेल तर? कायद्याच्या परीक्षेतले संदिग्ध प्रश्न आणि गृहीतक मांडण्याची रीत

विधी शाखेच्या परीक्षेत एक प्रकारचा प्रश्न हमखास असतो. एक छोटी गोष्ट दिलेली असते, तिच्यात दोन-तीन माणसांचा वाद असतो आणि शेवटी 'अमक्याला सल्ला द्या' किंवा 'करार झाला का, ते सकारण सांगा' असे विचारलेले असते. मुंबईकडचे विद्यार्थी याला 'सिच्युएशनल प्रॉब्लेम' म्हणतात, इतरत्र 'उदाहरण' किंवा 'प्रॉब्लेम' असे नुसते म्हटले जाते. कायद्याचे ज्ञान प्रत्यक्ष प्रसंगाला लावता येते की नाही, हे या प्रश्नातून तपासले जाते. पुष्कळदा या गोष्टीतली एखादी महत्त्वाची माहिती दिलेलीच नसते. परीक्षा संपल्यावर 'प्रश्न चुकीचा होता', 'माहिती अर्धवट होती' अशी तक्रार सुरू होते. काही वेळा ती खरीही असते. मात्र बहुतेक वेळा ती माहिती मुद्दाम गाळलेली असते, कारण माहिती नसताना विद्यार्थी काय करतो, हेच परीक्षकाला पाहायचे असते.

अशा वेळी दोन गोष्टी एकत्र साधाव्या लागतात. आपण काय धरून चाललो आहोत ते उघडपणे लिहायचे आणि तरीही स्पष्ट निष्कर्ष द्यायचा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी वाटतात, पण तशा नाहीत. ते पटावे म्हणून एकच प्रश्न घेऊन तो शेवटपर्यंत सोडवू. प्रश्न करार कायद्यातला आहे, कारण या विषयात काही तासांच्या फरकाने सगळा निकाल उलटू शकतो.

प्रश्न असा

नाशिकच्या अनंतने 1 जून रोजी पुण्याच्या बळवंतला पत्र लिहून आपला ट्रॅक्टर 4 लाख रुपयांना विकण्याची तयारी दाखवली. 'हा प्रस्ताव 10 जूनपर्यंत खुला आहे', असे पत्रात लिहिले होते. पत्र बळवंतला 4 जूनला मिळाले. 6 जूनला बळवंतने मान्यतेचे पत्र टपालाने पाठवले. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता अनंतने 'मी प्रस्ताव मागे घेत आहे' असा व्हॉट्सॲप संदेश बळवंतला पाठवला. बळवंतने तो नंतर वाचला. बळवंतचे पत्र अनंतला 11 जूनला मिळाले. अनंत आता ट्रॅक्टर देण्यास नकार देत आहे. बळवंतला सल्ला द्या.

वाचताक्षणी मनात चार-पाच शंका येतात. पत्र किती वाजता टाकले? संदेश किती वाजता वाचला? 'नंतर' म्हणजे कशानंतर? पत्र 10 जूननंतर पोहोचले त्याचे काय? अनंतने 10 तारखेपर्यंत मुदत दिली असताना त्याला 6 तारखेलाच माघार घेता येते का? यांतल्या काही शंका खरोखर माहितीच्या अभावाच्या आहेत आणि काहींचे उत्तर कायद्यातच आहे. या दोहोंची सरमिसळ झाली की पुढचे सगळे उत्तर बिघडते.

आधी नियम, मग गाळलेली जागा

माहिती कुठे कमी आहे हे शोधण्याआधी नियम लिहावा लागतो. नियम माहीत असल्याशिवाय कोणती माहिती हवी आहे हेच कळत नाही. विद्यार्थी नेमके उलटे करतात. प्रश्न वाचून जे जे दिलेले नाही त्याची यादी करतात आणि त्या यादीतच गुंततात.

भारतीय करार कायदा, 1872 यातले तीन नियम येथे लागतात. पहिला, कलम 4 प्रमाणे मान्यतेचे पत्र ज्या क्षणी पाठवणाऱ्याच्या हाताबाहेर जाते, म्हणजे त्याला ते परत घेता येणार नाही अशा रीतीने मार्गस्थ होते, त्या क्षणी प्रस्ताव देणारा बांधला जातो. मान्यता देणारा स्वतः मात्र ते पत्र समोरच्याला कळेपर्यंत बांधला जात नाही. म्हणजे या प्रश्नात पत्र पेटीत पडताच अनंत अडकू शकतो, बळवंत मात्र 11 जूनपर्यंत मोकळा असतो. हा असमतोल अनेकांना अन्यायाचा वाटतो, पण कलमाची भाषा तशीच आहे. दुसरा नियम त्याच कलमातला. प्रस्ताव मागे घेतल्याची सूचना समोरच्याच्या विरुद्ध तेव्हाच पूर्ण होते, जेव्हा ती त्याला कळते. तिसरा नियम कलम 5 मधला. प्रस्ताव देणाऱ्याच्या विरुद्ध मान्यता पूर्ण होईपर्यंत त्याला प्रस्ताव मागे घेता येतो, त्यानंतर नाही.

हे तीन नियम एकत्र ठेवले की प्रश्न आपोआप आकसतो. बळवंतचे पत्र हाताबाहेर गेले तो क्षण आणि अनंतची माघार बळवंतला कळली तो क्षण, या दोहोंपैकी आधीचा कोणता एवढेच ठरवायचे उरते. घड्याळातली नेमकी वेळ कायद्याला नकोच आहे. पत्र सकाळी नऊला टाकले की संध्याकाळी पाचला, संदेश एकला वाचला की रात्री दहाला, याने स्वतंत्रपणे काहीच ठरत नाही. त्यामुळे चार-पाच वाटणाऱ्या शंकांतून खरी गाळलेली जागा एकच निघते, ती म्हणजे या दोन घटनांचा क्रम.

माझ्या मते या प्रकारच्या प्रश्नातले हेच सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. पुढे जे गृहीतक लिहायचे, ते येथे सापडलेल्या सांध्यावरच बसले पाहिजे. 'बळवंतने पत्र सकाळी टाकले असे धरू' हे गृहीतक चुकीचे नाही, पण सैल आहे. त्यात नियमाला हवी त्यापेक्षा जास्त माहिती धरली आहे. बळवंतने दुपारी दोनला पत्र टाकून तीनला संदेश वाचला असता तरी निकाल तोच लागला असता, आणि हे आपल्याला समजले आहे की नाही ते त्या सैल वाक्यातून परीक्षकाला कळत नाही. 'बळवंतने संदेश वाचण्याआधी पत्र टपालात टाकले असे धरतो' हे वाक्य मात्र नेमके आहे.

ज्या शंका गृहीतक मागत नाहीत

आता 10 जूनच्या तारखेकडे येऊ. या तारखेतून दोन युक्तिवाद निघतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे आहेत. बळवंत म्हणेल की 10 तारखेपर्यंत प्रस्ताव खुला ठेवण्याचे वचन दिल्यावर 6 तारखेला माघार घेताच येत नाही. अनंत म्हणेल की बळवंतचे पत्र 11 तारखेला मिळाले, म्हणजे मुदत टळली. येथे काही विद्यार्थी 'अनंतला माघार घेता येत नव्हती असे गृहीत धरू' असे लिहितात. ही मोठी चूक आहे. अनंतला माघार घेता येते की नाही हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि कायदा गृहीत धरता येत नाही. तो शोधून सांगावा लागतो.

तो असा सांगता येतो. प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत खुला ठेवीन हे नुसते वचन आहे. त्या वचनाच्या बदल्यात बळवंतने अनंतला काही दिले नाही, कायद्याच्या भाषेत प्रतिफल दिले नाही. कलम 25 मधले अपवाद सोडले तर प्रतिफलावाचूनचा करार शून्य असतो, म्हणून ते वचन अनंतवर बंधनकारक नाही. इंग्लंडमध्ये 1876 साली डिकिन्सन विरुद्ध डॉड्स या खटल्यात हेच झाले. शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत खुला ठेवलेला घरविक्रीचा प्रस्ताव त्याआधीच मागे घेता येतो, असे तेथे ठरले. त्यामुळे तारीख बळवंतच्या कामी येत नाही. आणि ती अनंतच्याही कामी येत नाही. 'खुला आहे' याचा सरळ अर्थ त्या तारखेपर्यंत मान्यता देता येईल असा आहे, आणि कलम 4 प्रमाणे अनंतच्या विरुद्ध मान्यता पूर्ण होते ती पत्र मार्गस्थ झाल्यावर, म्हणजे 6 जूनला. टपालाला पाच दिवस लागले त्याचा भार बळवंतवर पडत नाही. 'उत्तर 10 जूनपर्यंत माझ्या हाती पडले पाहिजे' असे अनंतने लिहिले असते तर गोष्ट वेगळी होती. पण तसे त्याने लिहिलेले नाही, आणि दिलेल्या वाक्यात नसलेली अट गृहीतक म्हणून घुसडणे म्हणजे प्रश्न बदलणे होय.

व्हॉट्सॲपचेही तसेच. 'संदेश मोबाइलवर पोहोचला की कळला, असे गृहीत धरू' असे लिहून चालणार नाही. हाही कायद्याचाच प्रश्न आहे. 1872 च्या कायद्यात व्हॉट्सॲप नाही, पण कलम 4 मध्ये माघारीसाठी कसोटी स्पष्ट दिली आहे आणि ती आहे कळण्याची. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 13 मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेश केव्हा मिळाला असे समजायचे याचे नियम आहेत. मिळणे आणि कळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते येथे 1872 च्या कलमाची भाषा धरावी आणि संदेश वाचला तेव्हाच माघार पूर्ण झाली असे म्हणावे. दुसरी बाजूही मांडता येते. संदेश आला आहे हे दिसत असताना कोणी मुद्दाम तो उघडला नाही, तर त्याला अज्ञानाचा फायदा का द्यावा, असा तो युक्तिवाद आहे. त्याला उत्तर द्यायचे ते कारणे देऊन, गृहीत धरून नव्हे. नवे साधन आले की न्यायालयेही असेच करतात. दूरध्वनीवरच्या मान्यतेला टपालाचा नियम लावायचा का, हा प्रश्न भगवानदास केडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा बहुमताने नाही म्हटले, तर न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी 1872 च्या कलमाच्या शब्दांवर बोट ठेवून वेगळे मत दिले. हा निकाल 1966 च्या एआयआर खंडात छापलेला आहे. दोन्ही बाजूंनी कारणे दिली, कोणीही कायदा गृहीत धरला नाही.

न सांगितलेले सगळेच संदिग्ध असते का?

नसते. ट्रॅक्टर खरोखर अनंतच्याच मालकीचा होता का, दोघे सज्ञान आहेत का, पत्रावर पत्ता बरोबर होता का, हेही प्रश्नात सांगितलेले नाही. पण त्यांबद्दल गृहीतके लिहित बसण्याचे कारण नाही. प्रश्नात शंका घेण्याजोगे काहीही नसेल तर गोष्टी नेहमीसारख्याच आहेत असे समजायचे असते. पत्त्याच्या बाबतीत तर उत्तर प्रश्नातच आहे. पत्र अनंतला मिळाले, म्हणजे पत्ता बरोबर होता.

शांत राहणे आणि सूचक राहणे यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. याच प्रश्नात 'बारावीत शिकणाऱ्या बळवंतला' असे लिहिलेले असते, तर वय अचानक कळीचे झाले असते. बारावीतला मुलगा 17 वर्षांचा असू शकतो आणि 18 वर्षांचाही. कलम 11 प्रमाणे करार करायला सज्ञान असावे लागते, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असतो हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले आहे. परीक्षकाने 'बारावीत' हा शब्द उगाच घातलेला नसतो. तो शब्द असेल तर वयाचे गृहीतक अनिवार्य होते, तो नसेल तर तेच गृहीतक निरर्थक होते. एखादी माहिती नाही एवढ्यावरून गृहीतक ठरत नाही. ती माहिती बदलली तर निकाल बदलतो का, आणि प्रश्नातल्या एखाद्या शब्दाने ती शंका जागी केली आहे का, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

कोणती बाजू धरायची?

क्रमाची शक्यता दोनच आहे. बळवंतने आधी पत्र टाकले आणि मग संदेश वाचला, किंवा आधी संदेश वाचला आणि मग पत्र टाकले. दोहोंपैकी एक धरायची, पण मनाला येईल ती नव्हे. निवडीला कारण लागते आणि ते शक्यतो प्रश्नातूनच काढावे लागते.

येथे तीन कारणे सापडतात. पहिले, प्रश्नात पत्र पाठवल्याचे आधी सांगितले आहे आणि संदेश 'नंतर' वाचल्याचे पुढे आले आहे. 'नंतर' हा शब्द नुसता 'संदेश आल्यानंतर' असाही घेता येतो, म्हणून हे कारण एकटे पुरेसे नाही. पण सांगण्याचा ओघ पत्र आधी गेल्याकडे झुकतो. दुसरे, प्रस्ताव मागे घेतल्याचे वाचल्यावर शांतपणे मान्यतेचे पत्र टपालात टाकणे हे साध्या व्यवहारी माणसाचे वागणे वाटत नाही. तिसरे कारण कायद्यातले आहे आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. खऱ्या खटल्यातही क्रम कळला नाही तर न्यायालय हात वर करत नाही. ते विचारते की ही गोष्ट सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची होती. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा 1 जुलै 2024 पासून 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी आला. त्याच्या कलम 106 प्रमाणे एखादी विशिष्ट गोष्ट न्यायालयाने मानावी अशी ज्याची इच्छा असेल, ती सिद्ध करण्याची जबाबदारी सामान्यतः त्याच्यावर असते. बळवंतने प्रस्ताव आणि मान्यता दाखवायची. ती दाखवल्यावर 'माझी माघार त्याआधीच बळवंतला कळली होती' हे अनंतने दाखवायचे. ते दाखवता आले नाही तर संदिग्धतेचा फटका अनंतला बसतो.

या तिसऱ्या कारणाला एक मर्यादा आहे आणि चांगल्या उत्तरात ती लपवू नये. त्याच अधिनियमाचे कलम 109 म्हणते की जी गोष्ट एखाद्याच्या विशेष माहितीतली असते, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. पत्र केव्हा टाकले आणि संदेश केव्हा उघडला हे बळवंतलाच ठाऊक, असे अनंत म्हणू शकेल. म्हणून प्रत्यक्ष सल्ला देताना बळवंतला टपालाची पावती जपायला सांगावे, आणि अनंतच्या मोबाइलवर संदेश वाचल्याची वेळ दिसत असेल तर ती पुढे येईल याचीही त्याला कल्पना द्यावी. साध्या पत्राला पावती नसते, हेही त्याला आताच सांगितलेले बरे.

गृहीतक धरले म्हणजे प्रश्न बदलला, असे नाही का होत?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर गृहीतक लपलेले आहे की उघड आहे, यावर अवलंबून आहे. घरी किती पाहुणे जेवायला येणार हे नक्की नसते, तेव्हा स्वयंपाक करणारी बाई 'आठ माणसं धरून भात लावते, दोन वाढली तर पोळ्या लाटेन' असे सांगून टाकते. तिने काहीतरी धरले, ते सर्वांना सांगितले, स्वयंपाक केला, आणि धरलेले चुकले तर काय करायचे तेही ठरवून ठेवले. कुणाला न सांगता आठांचाच स्वयंपाक करून ठेवला असता तर ती चूक झाली असती. परीक्षेत बहुतेक गुण याच चुकीने जातात. 'बळवंतने पत्र टाकले तेव्हा त्याला माघार ठाऊक नव्हती, म्हणून करार झाला', असे विद्यार्थी थेट लिहितो. निष्कर्ष बरोबर असतो, पण 'ठाऊक नव्हती' ही प्रश्नात नसलेली गोष्ट त्याने सत्य म्हणून दडपून लिहिलेली असते. परीक्षकाला दोन अर्थ निघतात. एक तर याला संदिग्धता दिसलीच नाही, किंवा दिसली आणि याने टाळली. दोन्ही अर्थ त्याच्या विरुद्ध जातात.

उघड मांडलेल्या गृहीतकालाही एक सीमा आहे. दिलेल्या माहितीशी ते भांडता कामा नये, आणि प्रश्नच गिळून टाकणारेही ते नसावे. 'अनंतने नंतर बळवंतची माफी मागून ट्रॅक्टर दिला असे धरू', किंवा 'दोघांनी आधीच तोंडी करार केला होता असे धरू' असे लिहिले, तर सल्ला देण्याजोगे काही उरतच नाही.

मग दोन्ही शक्यता लिहून सोडून देऊ या की!

वकिली शिकणाऱ्यांच्या मनात हा मोह फार खोल असतो. 'पत्र आधी गेले असेल तर करार झाला, नाहीतर नाही झाला', एवढे लिहून हात झटकायचे. यात चुकीचे काही नाही, पण सल्लाही नाही. प्रश्नाने 'सल्ला द्या' असे म्हटले आहे. बळवंत वकिलाकडे आला आहे तो दावा लावावा की नाही हे विचारायला. 'असे असेल तर असे' हे ऐकून तो जिथे होता तिथेच राहतो.

न्यायालयाचे काम पाहिले तरी हेच दिसते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 14, नियम 2 सांगतो की एका प्राथमिक मुद्द्यावर दावा निकाली निघू शकत असला तरी न्यायालयाने, त्या नियमातले अपवाद सोडून, सर्व मुद्द्यांवर निर्णय द्यावा. म्हणजे न्यायाधीश एका बाजूने ठाम निर्णय देतात आणि पुढे 'समजा, हे मत चुकले असे मानले, तरी' म्हणून उरलेले मुद्देही निकाली काढतात. दाव्यातही आदेश 7, नियम 7 प्रमाणे एक मागणी आणि तिच्या पर्यायी दुसरी मागणी करता येते. मुख्य भूमिका एक, पर्याय दुय्यम, हा क्रम या व्यवसायात रुजलेला आहे. उत्तरपत्रिकेतही तोच क्रम हवा. निवडलेल्या शक्यतेला पूर्ण जागा, न निवडलेलीला दोन-तीन वाक्ये. दोन्ही सारख्याच लांबीने लिहिल्या की लेखकाने निवड केलीच नाही असे वाटते, आणि वेळही जातो.

प्रत्यक्ष लिहायचे कसे?

वरच्या सगळ्या विचाराचे कागदावर काय उरावे, ते असे:

'बळवंतची मान्यता अनंतच्या विरुद्ध पूर्ण होण्याआधी अनंतने प्रस्ताव मागे घेतला होता का, हा मुख्य मुद्दा आहे. करार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे मान्यता अनंतच्या विरुद्ध पूर्ण होते ती पत्र बळवंतच्या हाताबाहेर गेल्यावर, आणि माघार बळवंतच्या विरुद्ध पूर्ण होते ती त्याला कळल्यावर. कलम 5 प्रमाणे पहिली गोष्ट घडल्यावर माघार घेता येत नाही.

पत्र टाकणे आणि संदेश वाचणे यांचा क्रम प्रश्नात दिलेला नाही. बळवंतने संदेश वाचण्याआधी पत्र टपालात टाकले असे मी धरतो. प्रश्नाचा ओघ तसा आहे, आणि माघार आधी कळल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अनंतवर आहे. संदेश मोबाइलवर केव्हा पोहोचला हे निर्णायक नाही, कारण कलम 4 ची कसोटी कळण्याची आहे.

10 जूनपर्यंतची मुदत प्रतिफलाशिवाय दिलेली असल्याने अनंतला माघार घेण्याचा अधिकार होता, पण तो त्याने वेळेत पूर्ण केला नाही. पत्र 11 जूनला मिळाले याने फरक पडत नाही, कारण मान्यता 6 जूनलाच पूर्ण झाली होती.

म्हणून करार झाला आहे आणि अनंतचा नकार हा कराराचा भंग आहे. बळवंतला कलम 73 खाली नुकसानभरपाई मागता येईल. मात्र बळवंतने संदेश वाचल्यानंतर पत्र टाकले असे पुराव्यात निघाले, तर माघार आधी पूर्ण झाली असे ठरेल आणि करार झालेला नसेल. त्याचे पत्र मग फार तर नवा प्रस्ताव ठरेल आणि तो स्वीकारायला अनंत बांधलेला नाही.'

गृहीतक येथे नियमानंतर आणि युक्तिवादाआधी आले आहे. 'येथे गृहीतके खालीलप्रमाणे' अशी यादी उत्तराच्या सुरुवातीला देणारे विद्यार्थी असतात. त्यातून वाचणाऱ्याला ती का लागली हे कळत नाही, कारण नियम अजून आलेलाच नसतो. गृहीतक जेथे लागते तेथेच ते ठेवावे. निष्कर्षात 'कदाचित' किंवा 'होऊ शकते' असे शब्द नाहीत हेही पाहण्यासारखे आहे. अनिश्चितता होती ती गृहीतकाच्या वाक्यात एकदाच मांडली, म्हणून निष्कर्षात ती पुन्हा पसरवावी लागली नाही.

उलटी शक्यता धरली तर गुण जातील का?

जाण्याचे कारण नाही. एखाद्या विद्यार्थिनीने लिहिले की 'नंतर' हा शब्द नुसता संदेश आल्यानंतरची वेळ दाखवतो, पत्र किती वाजता टाकले हे सांगितलेले नाही, आणि पत्र टाकण्याची व संदेश वाचण्याची वेळ बळवंतच्या विशेष माहितीत असल्याने ती त्यानेच सिद्ध करायची, म्हणून संदेश आधी वाचला असे मी धरते. त्यावरून करार झाला नाही असा निष्कर्ष तिने काढला, आणि पत्र आधी गेल्याचे निघाले तर काय होईल तेही दोन वाक्यांत सांगितले, तर ते उत्तर वरच्या उत्तराइतकेच पक्के आहे. मी ती बाजू घेतली नसती. कलम 109 तिच्यासाठी जेवढे ओझे पेलते आहे, तेवढे ते पेलू शकेल असे मला वाटत नाही, आणि माघार वाचूनही बळवंतने पत्र का टाकले याचे काही स्पष्टीकरण तिने द्यायला हवे. पण हा वाद गृहीतकाच्या कारणांवरचा आहे. संदेश आधी वाचला असे धरून, नंतर मात्र कलम 5 विसरून 'तरीही 10 जूनपर्यंत मुदत होती म्हणून करार झाला' असे कोणी लिहिले, तर गुण जातात. तेथे गृहीतक आणि निष्कर्ष यांना जोडणारा नियमच तुटलेला असतो.